सारांश इंग्रजीत नेताना: बीजशब्द, उद्धरणं आणि संदर्भसूची

प्रबंध मराठीत लिहिला, मार्गदर्शकांनी तपासला, बांधणीला जायची वेळ आली आणि मग विद्यापीठाच्या यादीतलं एक कलम अडतं: इंग्रजी सारांश व बीजशब्द जोडावेत. बहुतेक संशोधक हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलतात आणि इंग्रजी बरं असलेल्या एखाद्या मित्राकडे सोपवतात. मित्र भाषांतर चांगलं करतो, पण त्यानं प्रबंध वाचलेला नसतो. सगळी गडबड तिथून सुरू होते. 2009च्या यूजीसी नियमावलीनं प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देण्याची अट घातली. तेव्हापासून हे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगा भांडारात जमा होऊ लागले. मराठी न येणारा अभ्यासक तिथं तुमच्या प्रबंधातला फक्त हा एवढाच मजकूर वाचू शकतो. म्हणून सारांशात जे चुकीचं लिहिलं जाईल, तेच त्याच्या लेखी तुमचं संशोधन.

सारांश कसा लिहावा हा या लेखाचा विषय नाही. तो मराठीत लिहून तयार आहे, आता इंग्रजीत न्यायचा आहे, एवढंच धरून चालू. उदाहरण घेऊ बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या हंगामी स्थलांतरावरच्या समाजशास्त्राच्या प्रबंधाचं. प्रबंध कल्पित आहे, पण यातले शब्द आणि अडचणी रोजच्या आहेत.

वाक्यांना शेवटी हात लावा

कामाचा क्रम सहसा उलटा होतो. लोक पहिल्या वाक्यापासून भाषांतर सुरू करतात आणि बीजशब्द अखेरीस, उरलेल्या दहा मिनिटांत लिहितात. त्याऐवजी आधी एक कोरा कागद घ्या, दोन रकाने आखा आणि सारांशातली प्रत्येक पारिभाषिक संज्ञा डावीकडे उतरवा. उजवीकडे तिचा इंग्रजी पर्याय लिहायचा, पण तो प्रबंधातली तिची व्याख्या पाहून. संज्ञांच्या व्याख्या बहुधा पहिल्या प्रकरणात असतात. एका मराठी संज्ञेला एकच इंग्रजी पर्याय ठेवायचा आणि तो शेवटपर्यंत बदलायचा नाही. मराठी निबंधात एकच शब्द पुन्हा आला की आपल्याला खटकतं, म्हणून आपण ‘कामगार’, ‘मजूर’, ‘श्रमिक’ असं आलटून पालटून लिहितो. इंग्रजी सारांशात तसंच तीन पर्याय वापरले, तर वाचकाला वाटतं की हे तीन वेगळे गट आहेत.

पर्याय शोधायला भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश आहेत. अर्थशास्त्र, भूगोल, संख्याशास्त्र अशा विषयवार कोशांत इंग्रजी संज्ञेसमोर मराठी संज्ञा दिलेली असते. आपल्याला उलट दिशेनं जायचं असल्यामुळे एक काळजी घ्यावी लागते. कोशात एका मराठी शब्दासमोर दोन इंग्रजी संज्ञा सापडू शकतात आणि त्यांतली कुठली घ्यायची हे कोश सांगत नाही. ते आपल्या विषयावरचे दोन-चार इंग्रजी शोधनिबंध उघडले की कळतं. त्यांच्या शीर्षकांत आणि बीजशब्दांत जी संज्ञा रूढ आहे, ती घ्यावी.

आता आपल्या प्रबंधातली ही दोन वाक्यं पाहा: “सहेतुक नमुना निवड पद्धतीने तीन तालुक्यांतून 300 कोयते निवडून मुलाखत अनुसूचीद्वारे माहिती संकलित केली. उचल व कर्जबाजारीपणा यांत लक्षणीय संबंध आढळला.” दिसायला सरळ असलेल्या या मजकुरात चार ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं ठिकाण अर्थात कोयता. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे आणि हिशेब होतो तोही कोयत्याचा. एकटा कामगार म्हणजे अर्धा कोयता. ज्याला हे ठाऊक नाही तो भाषांतरकार संशोधकाला तीनशे हत्यारं निवडायला लावतो. ज्याला ठाऊक आहे तो ‘जोडपी’ असा इंग्रजी शब्द घालून मोकळा होतो. त्यात चूक नाही, पण कराराचं एकक ही मूळची छटा हरवते. असा शब्द लिप्यंतर करून तसाच ठेवावा आणि पहिल्यांदा येतो तिथं त्याच वाक्यात त्याचा अर्थ सांगावा. मात्र त्याआधी संशोधकाला विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: तीनशे कोयते म्हणजे सहाशे माणसं, मग उत्तरं कुणी दिली? जोडीतल्या एकानं की दोघांनी? मराठी वाचक हे संदर्भानं समजून घेईल. इंग्रजीत उत्तरदात्यांची संख्या स्पष्ट लिहिली नाही, तर नमुन्याचा आकारच संदिग्ध राहतो.

दुसरं ठिकाण मुलाखत अनुसूची. पुष्कळ जण तिला प्रश्नावलीचा इंग्रजी शब्द लावतात, कारण तो जिभेवर असतो. प्रश्नावली उत्तरदाता स्वतः भरतो. अनुसूचीत प्रश्न संशोधक विचारतो आणि नोंदही तोच करतो. फडावर काम करणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या कामगारांकडून प्रश्नावली भरून घेतली असं सारांशात छापलं, तर जाणता परीक्षक पहिली शंका तिथंच काढतो.

तिसरं, उचल. कोशातला पहिला अर्थ घेतला तर ती ‘उचलण्याची क्रिया’ होते आणि सैलपणे घेतला तर ‘कर्ज’. पण याच वाक्यात कर्जबाजारीपणा वेगळा आला आहे. म्हणजे संशोधकानं दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या आहेत. दोन्हींसाठी एकच इंग्रजी शब्द वापरला, तर कर्जाचा कर्जाशी संबंध आढळला असा विनोद होतो. इथं `advance` हाच शब्द हवा. 1976च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याच्या इंग्रजी पाठात याच शब्दाची व्याख्या केलेली आहे, त्यामुळे पुढचा अभ्यासक या शब्दानंच शोधणार. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. प्रबंधानं या कामगारांना वेठबिगार म्हटलेलं नसेल, तर शब्द वजनदार वाटतो म्हणून भाषांतरकारानं तो बीजशब्दांत घुसडू नये. तो कायदेशीर आरोप आहे आणि तो करायचा की नाही हे प्रबंधकर्त्यानं ठरवायचं.

चौथं ठिकाण सगळ्यांत बेमालूम, ‘लक्षणीय’. मराठीत हा शब्द आपण सढळ हातानं वापरतो. ‘लक्षणीय फरक’ म्हणजे बराच फरक. संशोधनाच्या इंग्रजीत `significant` म्हटलं की संख्याशास्त्रीय चाचणी केली, सार्थकता पातळी ठरवली आणि निष्कर्ष तिच्या आत बसला, असा अर्थ निघतो. म्हणून प्रकरण उघडून पाहावं. काय-वर्ग चाचणीचा तक्ता असेल तर शब्द बरोबर आहे. फक्त टक्केवारी असेल तर ‘मोठा’ किंवा ‘ठळक’ या अर्थाचा साधा शब्द घ्यावा. ‘संबंध’ आणि ‘परिणाम’ यांचंही तेच. काय-वर्ग चाचणी दोन गोष्टी एकत्र आढळतात इतकंच सांगते, एकीमुळे दुसरी घडली असं सांगत नाही. मराठीत ओघात लिहिलेला ‘परिणाम’ इंग्रजीत कार्यकारणाचा दावा होऊन बसतो. ‘गृहीतक’ही असाच तपासून घ्यायचा शब्द. मराठी प्रबंधांत तो चाचणीसाठी मांडलेल्या विधानालाही वापरतात आणि आधीच मानून चाललेल्या गोष्टीलाही. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत.

एवढं निस्तरल्यावर पहिलं वाक्य असं होतं:

```
Using purposive sampling, 300 koytas, the husband-wife
pairs in which cane-cutting labour is contracted, were
selected from three talukas, and data were collected
through an interview schedule.
```

उत्तरं कुणी दिली हे संशोधकाकडून कळलं की त्याचं छोटं वाक्य यापुढे येईल. मराठी वाक्यापेक्षा हे बरंच लांब झालं, हेही दिसेल. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, इंग्रजीत ती सुटी होतात आणि शब्दसंख्या वाढते. एपीए शैलीत सारांशाला साधारण 250 शब्दांची मर्यादा असते. मराठी सारांशच तेवढा भरला असेल, तर भाषांतराआधी त्यातलं काय गाळायचं हे संशोधकानं ठरवावं. पार्श्वभूमीची दोन वाक्यं गेली तर बिघडत नाही. पद्धत आणि निष्कर्ष मात्र जाऊ नयेत.

प्रबंधाच्या शीर्षकाचं भाषांतर करूच नका. नोंदणीच्या वेळी संशोधन मान्यता समितीनं दिलेल्या पत्रात इंग्रजी शीर्षक असेल, तर अक्षरशः तेच वापरायचं. त्याचं इंग्रजी तुम्हाला आवडो न आवडो. शासन निर्णय, कायदे आणि महामंडळं यांचंही तेच. यांची अधिकृत इंग्रजी नावं आधीपासून असतात, ती शोधून काढायची. जिल्ह्यांच्या नावांत अलीकडे आणखी एक भर पडली आहे. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण जुन्या ग्रंथाच्या शीर्षकात छापलेलं नाव आपण बदलू शकत नाही. सारांशात प्रबंधातलं नाव ठेवावं आणि बीजशब्दांत गरजेनुसार दोन्ही द्यावीत.

बीजशब्द

बीजशब्द निवडताना पाहायचं ते एवढंच, की हा शब्द शोधखिडकीत कोण टाईप करेल. ‘अभ्यास’, ‘समस्या’, ‘ग्रामीण जीवन’ हे शब्द कुणीच टाकत नाही, किंवा टाकले तर लाखो निकाल येतात. आपल्या उदाहरणात मी असे शब्द घेईन:

```
sugarcane cutters; seasonal migration; wage advance;
mukadam; Beed; Maharashtra
```

यात एक स्थानिक शब्द मुद्दाम ठेवला आहे. या विषयावर काम करणारा माणूस, मग तो कुठल्याही देशातला असो, मुकादम हा शब्द शिकलेलाच असतो. बाकीचे शब्द त्या विषयाच्या बाहेरून येणाऱ्यांसाठी. शेतीशी जोडलेल्या विषयात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची ॲग्रोव्होक ही संज्ञासूची चाळावी. वैद्यकात मेश आहे. तिथं जी संज्ञा प्रमाण धरलेली असेल ती घेतली की सूचीकाराचं आणि आपलं बोलणं जुळतं. निवडलेला प्रत्येक बीजशब्द सारांशाच्या मजकुरातही त्याच वर्णलेखनानं आला पाहिजे. मजकुरात एक रूप आणि बीजशब्दांत दुसरं असं नको.

मराठी बीजशब्दांची वेगळी कटकट आहे, ती टंकाची. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधून मजकूर उचलला की शोधगंगेवर तो निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन पडतो. युनिकोडमध्येही एक फसवं प्रकरण आहे. ‘शेतकऱ्यांचे’ या शब्दातला रफार नसलेला अर्धा र दोन प्रकारे टाईप होतो: कधी `U+0931` या स्वतंत्र अक्षरानं, तर कधी साध्या र-ला हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह `U+200D` लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणक ते वेगळे मानतो आणि एका रूपानं शोधलेलं दुसऱ्या रूपात सापडत नाही. ‘ॲ’ आणि ‘अॅ’ यांचंही तसंच. संपूर्ण प्रबंधात एकच रूप आहे ना, हे शोध-बदल आज्ञेनं तपासून घ्यावं.

उद्धरणं आणि संदर्भसूची

सारांशात सहसा उद्धरण देत नाहीत. एखाद्या विशिष्ट ग्रंथाचं खंडन किंवा पुनर्परीक्षण हाच प्रबंधाचा गाभा असेल, तरच तिथं लेखक आणि वर्ष येतं. पण रूपरेषेसोबत किंवा इंग्रजी नियतकालिकाला लेख पाठवताना सूचीही इंग्रजीत न्यावी लागते. तिथं भाषांतर हा शब्दच दिशाभूल करतो, कारण सूचीतल्या बहुतेक गोष्टींचं भाषांतर करायचं नसतं.

मराठी सूचीतली एक नोंद घ्या: कीर, धनंजय व मालशे, स. गं. (संपा.), महात्मा फुले समग्र वाङ्मय, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, मुंबई, 1969. शेतकऱ्यांविषयी लिहिणारा संशोधक ‘शेतकऱ्याचा असूड’साठी इथं येणारच. एपीएच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे ही नोंद अशी होते:

```
Keer, D., & Malshe, S. G. (Eds.). (1969). Mahatma Phule
samagra vangmay [Collected works of Mahatma Phule].
Maharashtra Rajya Sahitya ani Sanskriti Mandal.
```

ग्रंथनाम रोमन लिपीत आणि तिरप्या ठशात. त्यापुढे चौकोनी कंसात इंग्रजी अर्थ, सरळ ठशात. वाचक ग्रंथालयात पुस्तक मागेल ते मूळ नावानं, म्हणून मूळ नाव आधी. कंसातलं इंग्रजी फक्त त्याला विषय कळावा म्हणून. मूळ नाव गाळून केवळ भाषांतर दिलं, तर असं पुस्तक अस्तित्वातच नाही अशी नोंद तयार होते. प्रकाशकाचं नावही लिप्यंतरानंच जातं. मुंबई गेली, कारण सातव्या आवृत्तीनं प्रकाशनस्थळ काढून टाकलं. विद्यापीठ अजून सहावी आवृत्ती मागत असेल तर ते परत येईल. कुठली आवृत्ती हे मार्गदर्शकांना आधीच विचारून घ्यावं.

लेखकाचं नाव नियमानं लिप्यंतर केलं तर ‘Kir’ होईल. पण कीरांनी इंग्रजीतही लिहिलं आहे आणि त्यांच्या पुस्तकांवर `Keer` असं छापलेलं आहे. लेखक स्वतःचं नाव इंग्रजीत जसं लिहितो तसंच घ्यायचं, नियम नंतर. त्यांच्याच 1964च्या इंग्रजी फुलेचरित्राच्या शीर्षकात फुले हे नाव `Phooley` असं आहे. सूचीत वर `Phule` आणि खाली `Phooley` दिसलं की नेटका भाषांतरकार ते ‘दुरुस्त’ करतो. ते करू नये. छापील शीर्षक जसं आहे तसंच राहतं. आपल्या वाक्यांत मात्र एकच रूप चालवायचं.

लिप्यंतराची पद्धतही एकच हवी. स्वरचिन्हांसह काटेकोर पद्धत घेतली तर ग्रंथालयांच्या सूचींत दिसतं तसं शेवटचा अकारही लिहावा लागतो, म्हणजे `vāṅmaya`. साधी, चिन्हांविना पद्धत घेतली तर उच्चाराप्रमाणे `vangmay`. समाजशास्त्रात साधी चालते. भाषा आणि इतिहासाच्या विभागांत बहुधा काटेकोर मागतात. मिसळ तेवढी नको.

मराठी प्रबंधात इंग्रजी ग्रंथांची नावंही देवनागरीत लिहिण्याची पद्धत आहे आणि परतीच्या वाटेवर तिचा फार त्रास होतो. ‘ब्रेमन, जान’ हे देवनागरीतून अंदाजानं रोमनमध्ये आणलं, तर आडनावाची तीन तरी रूपं संभवतात. मूळ आहे `Breman`. ऊसतोडीवर लिहिणाऱ्याला ब्रेमन यांना टाळता येत नाही. बारडोलीच्या साखर कारखान्यांवरचं त्यांचं लेखन जवळपास एकाच शीर्षकानं ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आणि ‘जर्नल ऑफ पेझंट स्टडीज’मध्ये आलं आहे. तुमच्याकडची झेरॉक्स कोणत्या नियतकालिकातली आहे ते पाहून नोंद करायची, कारण पृष्ठांक त्यावर अवलंबून आहेत. मराठीत भाषांतरित केलेलं इंग्रजी शीर्षक पुन्हा इंग्रजीत भाषांतरित करणं तर सक्त वर्ज्य. मूळ शीर्षक शोधून तेच उतरवायचं.

नोंदींतल्या संक्षेपांकडे लक्ष असू द्या. मराठी नियतकालिकावरचं ‘वर्ष 12, अंक 3’ म्हणजे बारावा खंड, तिसरा अंक. ‘वर्ष’चं इंग्रजी ‘इयर’ होत नाही. ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ वेगळे. ‘तत्रैव’ला एपीएत जागाच नाही, तिथं प्रत्येक वेळी लेखक आणि वर्ष पुन्हा द्यावं लागतं. जुन्या पुस्तकावर फक्त शक असेल तर चैत्र ते डिसेंबरसाठी 78 आणि जानेवारी ते फाल्गुनसाठी 79 मिळवा. शके 1856 म्हणजे 1934 किंवा 1935. महिना छापलेला नसेल तर ग्रंथालयाच्या सूचीत पडताळा घ्यावा.

शेवटी क्रम. देवनागरीत आत्रे, कीर, चव्हाण, फुले, ब्रेमन असे येतात. रोमनमध्ये `Atre, Breman, Chavan, Keer, Phule` असे लावावे लागतात. मराठी क्रमानं तशीच ठेवलेली सूची परीक्षकाच्या लगेच डोळ्यांवर येते. नोंदी झोटेरोत भरल्या असतील तर क्रम आपोआप लागतो. फक्त मराठी नोंदीच्या भाषेच्या रकान्यात `mr` लिहा, म्हणजे शीर्षकातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करणाऱ्या शैलींत लिप्यंतरित शीर्षक बिघडत नाही. कंसातलं भाषांतर शीर्षकाच्याच रकान्यात `<i>` आणि `</i>` यांच्यामध्ये टाकलं, की तिरप्या शीर्षकात तेवढा भाग सरळ छापला जातो.

भरण्याआधी

भाषांतर झालं की मराठी सारांश बाजूला ठेवून फक्त इंग्रजी वाचा आणि त्यातला प्रत्येक आकडा प्रबंधातल्या तक्त्याशी जुळवा, मराठी सारांशाशी नव्हे. लाख-कोटी कुठं असतील तर तिथं खास थांबा. एक कोटी म्हणजे दहा मिलियन, आणि शून्य चुकतं ते इथंच. मग विषय माहीत नसलेल्या कुणाला तरी तो वाचायला द्या आणि नमुना किती माणसांचा होता, माहिती कशी गोळा केली, असं विचारा. कोयत्यापाशी तो अडखळला, तर अर्थ सांगणारं वाक्य सुधारायला हवं.

मजकूर भरायच्या ऑनलाइन चौकटीत तिरपा ठसा बहुधा टिकत नाही आणि काही ठिकाणी स्वरचिन्हंही गळतात. तेव्हा परका शब्द तिरपा केला म्हणजे वाचकाला कळेल, यावर विसंबू नका. भरून झालं की त्याच चौकटीतून एकेक बीजशब्द उचलून पीडीएफमध्ये `Ctrl+F` करून शोधा. जो सापडत नाही, त्याच्यात टंकाचा किंवा वर्णलेखनाचा घोळ आहे.